‘असू शकतो’ला खोटं कसं ठरवणार?

*मॅडम, मी एम.ए. मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी १५० पदवीच्या विद्यार्थ्यांकडून गूगल फॉर्म भरून घेते आहे, ११२ आले. फॉर्ममध्ये स्मार्टफोन ॲडिक्शन स्केलची छोटी आवृत्ती, झोपेसाठी पीएसक्यूआय, ताणासाठी पीएसएस-१०, शिवाय वय, लिंग आणि ‘घरी राहता की हॉस्टेलवर’ एवढं आहे. माझी गृहीतकं अशी: (१) मोबाइलच्या अतिवापराचा विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर विपरीत परिणाम होतो. (२) मोबाइलच्या वापराचा झोपेशी काही ना काही संबंध असू शकतो. (३) मुलं आणि मुली यांच्यात फरक असेल. (४) घरच्यांशी संवाद चांगला असेल तर मोबाइलचे दुष्परिणाम कमी होतात. गाईड सरांनी कागद परत केला. वर तीनच शब्द: ‘टेस्टेबल? डिरेक्शन? व्हेरिएबल?’ मैत्रीण म्हणते, फक्त भाषा सुधार. खरं सांगते, मी शीट उघडून मुलामुलींची मोबाइलची सरासरी पाहिली आहे. मुलींची जास्त आहे. तेच तिसऱ्यात लिहिलं तर दिशासुद्धा येईल ना? शिवाय आमच्या विभागात शून्य गृहीतकच लिहायची पद्धत आहे, त्यामुळे जास्तच गोंधळ उडालाय.*

*— एक विद्यार्थिनी*

तुझ्या दुसऱ्या गृहीतकापासून सुरुवात करते. समजा, १५० फॉर्म आले, आकडेमोड झाली आणि मोबाइल व झोप यांचा संबंध शून्य निघाला. तुझं वाक्य चुकलं का? नाही. ‘असू शकतो’ म्हणाली होतीस. इथे नसला तर दुसरीकडे असेल. बरं, संबंध भरपूर निघाला, तरी वाक्य बरोबर. उलटा निघाला, म्हणजे मोबाइलमध्ये गुंतलेली मुलंच शांत झोपत असली, तरीही बरोबर, कारण ‘काही ना काही’ संबंध निघालाच. पंचांगात ‘पाऊस मध्यम, क्वचित अधिक’ असं लिहिलेलं असतं ना, तसं हे आहे. कुठल्याही वर्षी चालतं. सरांचा ‘टेस्टेबल?’ हा शब्द एवढंच विचारतोय: कोणता निकाल लागला तर तू म्हणशील, ‘माझं चुकलं’?

त्यामुळे मैत्रिणीचं म्हणणं मला पटत नाही. ‘असू शकतो’ काढून ‘आहे’ लिहिणं हे वरवर भाषेचं काम दिसतं, पण ‘आहे’ लिहायचं तर आधी तुला ठरवावं लागतं: काय आहे, किती वर किती खाली, कुठे मोजलेलं. ते अजून ठरलेलं नाही, म्हणून वाक्यं सैल आहेत. आधी ते ठरव, वाक्य आपोआप घट्ट होईल.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी स्प्रेडशीट उघडायला लावते आणि म्हणते, गृहीतकातल्या प्रत्येक नामावर बोट ठेव आणि त्याचा स्तंभ दाखव. तुझ्या पहिल्या वाक्यात ‘मानसिक आरोग्य’ आहे. त्याचा स्तंभ कुठाय? नाही. तुझ्याकडे पीएसएस-१० ची बेरीज आहे. शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मूळ चाचणी मांडली. तिच्या या छोट्या रूपात दहा प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४, एकूण ० ते ४०. गेल्या महिन्याभरात आयुष्य हाताबाहेर गेल्यासारखं, अनपेक्षित, झेपेनासं किती वेळा वाटलं, एवढंच ती विचारते. नैराश्य, चिंता, आत्मविश्वास यांतलं काहीही ती मोजत नाही. म्हणजे ‘मानसिक आरोग्य’ या भल्यामोठ्या शब्दाच्या जागी तुला ‘जाणवलेला ताण’ लिहावं लागेल. मुलांना हे लिहिताना आपला विषय लहान झाल्यासारखं वाटतं. झालाच आहे, आणि तो पहिल्यापासून तेवढाच होता.

‘अतिवापर’ या शब्दात तर आणखी मोठी गफलत आहे. स्मार्टफोन ॲडिक्शन स्केलची छोटी आवृत्ती वापर मोजतच नाही. दहा विधानं, प्रत्येकाला १ ते ६, एकूण १० ते ६०. आणि विधानं असतात ती फोन जवळ नसेल तर चैन न पडण्याबद्दल, ठरवल्यापेक्षा जास्त वेळ जाण्याबद्दल, कामं राहून जाण्याबद्दल. एखादी मुलगी दिवसाला सात तास फोनवर लेक्चर ऐकून नोट्स काढत असेल, तिचा गुण कमी येऊ शकतो. दुसरा मुलगा तीनच तास वापरत असेल, पण फोन चार्जिंगला लावला तरी उठून बघून येत असेल, त्याचा गुण जास्त येईल. तेव्हा तुझ्या प्रबंधात ‘वापर’ हा चल नाही, ‘समस्याजनक वापर’ हा आहे. तास हवे असते तर फोनच्या सेटिंगमधला आठवड्याचा स्क्रीन टाइम बघून लिहायला सांगावं लागलं असतं. ‘रोज अंदाजे किती तास?’ असं विचारून मिळणारा आकडा आणि फोनने मोजलेला आकडा यांचा नीट मेळ बसत नाही.

त्या मापनावरून जाता जाता एक इशारा. मूळ कोरियन अभ्यासात (२०१३) मुलांसाठी ३१ आणि मुलींसाठी ३३ अशा सीमारेषा दिल्या होत्या, आणि त्यावरून ‘व्यसनाधीन’ व ‘सामान्य’ असे दोन गट पाडण्याची टूम आपल्याकडे आहे. तू पाडू नकोस. ३२ आणि ३४ गुणांच्या दोन मुलींना वेगळ्या डब्यांत टाकून तुला काही मिळत नाही, उलट ११ पासून ५८ पर्यंतचा सगळा चढउतार वाया जातो. बेरीज आहे तशी वापर.

आता दिशा. सरांना बहुधा ‘वाढेल की घटेल ते लिही’ एवढंच म्हणायचं असेल. पण लिहिण्याआधी बघ, मापनाचा काटा कुठल्या बाजूला फिरतो. इथे मी चांगल्या चांगल्या मुलांना घसरताना पाहिलंय. पीएसक्यूआयच्या नावात ‘क्वालिटी’ आहे, म्हणून मुलं समजतात की जास्त गुण म्हणजे चांगली झोप. उलट आहे. सात घटक, प्रत्येकाला ० ते ३, एकूण ० ते २१, आणि आकडा जितका मोठा तितकी झोप वाईट. ५ च्या वर गेला तर खराब झोप असं सर्वसाधारणपणे धरतात. समजा तू लिहिलंस, ‘समस्याजनक वापर आणि झोपेची गुणवत्ता यांत ऋण सहसंबंध असेल.’ मनातला अर्थ बरोबर आहे. पण संगणक देईल अधिक ०.२८ (हा आकडा मी नमुन्यादाखल घेतलाय). धन आकडा बघून तू लिहिशील, ‘गृहीतक फेटाळले गेले’. प्रत्यक्षात ते टिकलेलं असेल. म्हणून गृहीतकात झोपेची गुणवत्ता असं न म्हणता मापनाचं नाव आणि त्याची दिशा दोन्ही लिही:

> पदवीच्या विद्यार्थ्यांत स्मार्टफोन ॲडिक्शन स्केलच्या छोट्या आवृत्तीवरील गुण जितके जास्त, तितके पीएसक्यूआयचे एकूण गुण जास्त (म्हणजे झोप जास्त खराब) असतील.

आणि पहिलं:

> पदवीच्या विद्यार्थ्यांत स्मार्टफोन ॲडिक्शन स्केलच्या छोट्या आवृत्तीवरील गुण जितके जास्त, तितके पीएसएस-१० वरील जाणवलेल्या ताणाचे गुण जास्त असतील.

कानाला गोड नाहीत, मान्य. पण यातल्या प्रत्येक शब्दाला शीटमध्ये स्तंभ आहे, आणि दोन्ही वाक्यं चुकू शकतात.

पीएसएस-१० मध्ये ४, ५, ७ आणि ८ हे प्रश्न सकारात्मक आहेत, ते उलटे गुणायचे असतात: ० ला ४, १ ला ३, असे. हे राहून गेलं तर तुझं पहिलं गृहीतक विनाकारण पडेल. राहून गेलंय हे ओळखायचं कसं? विश्वासार्हतेचा अल्फा काढताना प्रत्येक प्रश्नाचा उरलेल्या बेरजेशी सहसंबंध मिळतो, तो पाहा. नेमके हेच चार प्रश्न ऋण दिसत असतील तर समजायचं. पीएसक्यूआयमध्ये झोपायची आणि उठायची वेळ असते, तिथे मुलं रात्रीचे दहा सकाळचे दहा करून ठेवतात. प्रत्यक्ष झोपेचे तास भागिले अंथरुणातले तास हे गुणोत्तर विचित्रपणे कमी आलं किंवा १०० टक्क्यांच्या वर गेलं, की त्या ओळीत वेळेचा घोटाळा आहे का ते बघ.

दिशा लिहिली म्हणजे एकपुच्छी चाचणी, म्हणजे दोन्ही बाजू न बघता एकाच बाजूचा निकाल शोधणारी चाचणी, करायलाच हवी, असा एक समज आहे. तो खरा नाही, आणि यात तुला निवड आहे. १५० जणांच्या नमुन्यात ५ टक्के पातळीवर द्विपुच्छी चाचणीला सहसंबंध गुणांक साधारण ०.१६ लागतो, एकपुच्छीला ०.१३५ च्या आसपास पुरतो. म्हणजे सवलत मिळते, पण तिची किंमत आहे: गुणांक उणे ०.३० आला तरी तुला त्यावर ‘सार्थ’ असं काही म्हणता येणार नाही, कारण ती बाजू तू आधीच सोडून दिलीस. स्वतःला विचार, मोबाइलमध्ये जास्त अडकलेल्या मुलांना कमी ताण आहे असं खरंच निघालं, तर तू ते प्रबंधात गप्प बसून सोडून देशील का? मी तरी देणार नाही. म्हणून माझा कल असा: गृहीतक दिशेचं लिही, चाचणी द्विपुच्छी ठेव. एसपीएसएसमध्ये `Two-tailed` हाच पर्याय आधीपासून निवडलेला असतो, तिथे काही बदलू नकोस. तुझ्या सरांना एकपुच्छी हवी असेल तर तीही चूक नाही, फक्त निर्णय गुण मोजायच्या आधी झालेला हवा. द्विपुच्छीत ०.०७ आलं म्हणून मग एकपुच्छी करून ०.०३५ दाखवणं, हे परीक्षक लगेच ओळखतात.

दिशा कुठून आणायची? मागच्या संशोधनातून किंवा एखाद्या कारणमीमांसेतून. समस्याजनक वापर आणि ताण, समस्याजनक वापर आणि खराब झोप, या दोन्हींत धन संबंध अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा मिळालाय, बहुतेक वेळा बेताचा. म्हणून पहिल्या दोन गृहीतकांत दिशा लिहायला तुझ्याकडे आधार आहे. जिथे आधार नाही तिथे ‘फरक असेल, दिशा सांगता येत नाही’ असं लिहिणं हा कमीपणा नाही. सरांनी विचारलंय ‘डिरेक्शन?’, म्हणजे प्रत्येक ठिकाणी दिशा हवीच असा हुकूम मी तरी त्यात वाचत नाही.

पहिल्या वाक्यातला ‘परिणाम होतो’ हा शब्द मी गुपचूप काढला, लक्षात आलं असेल. तू एकदाच फॉर्म भरून घेतेस. ताणात असलेलं मूल मन रमवायला फोन उचलतं, असंही असू शकतं. झोप लागत नाही म्हणून पहाटेपर्यंत स्क्रोल करतं, असंही. तिन्ही मापनं एकाच बैठकीत झालीत, त्यात आधी काय आणि नंतर काय हे तुझ्या आकड्यांना माहीत नाही. ‘परिणाम’ लिहायचा तर काही मुलांचा फोन काही दिवस कमी करून बघावा लागला असता, किंवा त्याच मुलांना सहा महिन्यांनी पुन्हा विचारावं लागलं असतं. तुझ्या शीर्षकात आणि चर्चेच्या प्रकरणात ‘परिणाम’, ‘प्रभाव’, ‘दुष्परिणाम’ कुठेकुठे आलेत ते शोधून काढ. हे शब्द गृहीतकातून गेले तरी निष्कर्षात हमखास परत येतात.

चौथ्या गृहीतकात एक अख्खा चल गायब आहे. घरच्यांशी संवाद तू कुठे मोजलास? ‘घरी की हॉस्टेलवर’ हा प्रश्न संवाद मोजत नाही. घरी राहून आईवडिलांशी दिवसभरात चार वाक्यं न बोलणारी मुलं तुझ्याही ओळखीत असतील, आणि हॉस्टेलवरून रोज रात्री घरी फोन करणारीही. तुला मोह होईल की निवासाचा स्तंभ आहेच, तोच ‘संवाद’ म्हणून वापरू. करू नकोस. परीक्षकाने पहिला प्रश्न तिथेच विचारला तर तुझ्याकडे उत्तर नसेल.

उरलेल्या ३८ जणांच्या फॉर्ममध्ये संवादाची प्रश्नावली घालायची का? ३८ जणांवर असं गृहीतक तपासता येत नाही. कारण तुझं चौथं वाक्य नुसत्या संबंधाचं नाही. त्यात ‘मोबाइल आणि ताण यांचा संबंध संवाद चांगला असणाऱ्यांत कमी तीव्र असेल’ असं म्हटलंय. म्हणजे आलेखावरच्या दोन रेषांच्या चढणींची तुलना आहे, आणि तिला साध्या सहसंबंधापेक्षा बराच मोठा नमुना लागतो. साध्या, मध्यम आकाराच्या (०.३०) सहसंबंधाला ८० टक्के शक्तीने, म्हणजे तो खरोखर असेल तर दहापैकी आठ वेळा, पकडायला द्विपुच्छी चाचणीत साधारण ८५ जण पुरतात, चढणींमधला फरक सहसा याहून बारीक असतो, आणि १५० सुद्धा त्याला तोकडे पडण्याची शक्यता मोठी. ११२ जणांना पुन्हा फॉर्म पाठवता येईल, पण त्यातले किती भरतील हे तुलाच माहीत. माझा सल्ला: चौथं गृहीतक काढ आणि पुढच्या अभ्यासासाठीच्या सूचनांमध्ये ठेव. तीन गृहीतकांचा प्रबंध चारांच्या प्रबंधापेक्षा हलका ठरत नाही.

आता तिसरं, ज्यासाठी तू खरं म्हणजे पत्र लिहिलंस असं मला वाटतं. तू शीट उघडून पाहिलंस हा काही गुन्हा नाही. पण मुलींची सरासरी जास्त दिसली म्हणून ‘मुलींचे गुण जास्त असतील’ असं गृहीतक लिहायचं आणि मग त्याच आकड्यांवर ते तपासायचं, यात तपासणी उरत नाही. बाण आधी भिंतीत मारून मग त्याभोवती वर्तुळ काढण्यासारखं ते आहे. नॉर्बर्ट केर यांनी १९९८ मध्ये याला ‘हार्किंग’ असं नाव दिलं, निकाल कळल्यावर गृहीतक रचणं. यात अडचण अशी की ५ टक्क्यांची जी पातळी आपण वापरतो, ती ‘आधी ठरवलं, मग पाहिलं’ या क्रमावरच उभी आहे. आधी पाहून ठरवलं तर त्या ५ टक्क्यांना अर्थ राहत नाही, आणि प्रबंध वाचणाऱ्याला ते कळायला मार्गही नसतो. माझ्या स्वतःच्या एम.फिल.मध्ये एक गृहीतक असंच मागाहून ‘सुचलेलं’ होतं. तोंडी परीक्षेत कुणी विचारलं नाही. मला मात्र ते पान अजून उघडवत नाही.

शिवाय तुझ्या मूळ वाक्यात फरक कशात, तेच नव्हतं. मोबाइलमध्ये, झोपेत की ताणात? तीन स्तंभ, म्हणजे तीन वेगळी वाक्यं. तू पाहिलीस ती मोबाइलची सरासरी, त्यामुळे तो भाग गृहीतकांच्या यादीतून बाहेर. ‘समस्याजनक वापराच्या गुणांत मुलं व मुली यांच्यात फरक आढळतो का?’ असा संशोधन प्रश्न म्हणून लिही, आणि त्याखाली स्पष्ट नोंद दे: काही आकडे आधी पाहिलेले असल्याने हे विश्लेषण शोधात्मक आहे. ताणाचं तू पाहिलेलं नाहीस. तिथे ‘मुलींचे पीएसएस-१० वरील सरासरी गुण मुलांपेक्षा जास्त असतील’ असं दिशेचं गृहीतक तू आजही लिहू शकतेस, कारण या चाचणीवर स्त्रियांचे गुण जास्त येणं बऱ्याच नमुन्यांत दिसलेलं आहे. फक्त प्रामाणिकपणे आठव, खरंच पाहिलं नाहीस ना? स्तंभ शेजारी-शेजारी असतात.

विभागातल्या शून्य गृहीतकाच्या पद्धतीशी भांडायची गरज नाही. आपल्याकडे कित्येक विभागांत ‘सार्थ फरक असणार नाही’ अशी सगळी वाक्यं लिहायची रीत आहे, आणि त्यातून दिशा गायब होते हे खरं. पण दोन्ही लिहिता येतात. आधी संशोधन गृहीतक, दिशेसकट. त्याखाली त्याचं शून्य रूप: ‘दोन गुणांमध्ये सहसंबंध नाही.’ ‘सार्थ’ हा शब्द दोन्हीतून काढ. सार्थता ही तुझ्या नमुन्यावरच्या चाचणीची गोष्ट आहे, विद्यार्थ्यांच्या झोपेची नाही. आणि निकालात ‘शून्य गृहीतक स्वीकारले’ असं लिहू नकोस. १५० जणांत ०.१० एवढा सहसंबंध सापडला नाही याचा अर्थ संबंध नाहीच असा होत नाही. ‘फेटाळता आले नाही’ एवढंच लिही.

क्रम मात्र सांभाळ. अजून पीएसएसचे प्रश्न उलटवलेले नाहीस, पीएसक्यूआय मोजलेला नाहीस, म्हणजे पहिली दोन गृहीतकं अजून न पाहिलेल्या आकड्यांवर उभी आहेत. आज रात्री शीटला हात लावायच्या आधी नवी गृहीतकं, कोणती चाचणी, एकपुच्छी की द्विपुच्छी, अपुरे फॉर्म कसे वगळणार, एवढं एका पानावर लिही आणि सरांना ईमेल कर. तारीख आपोआप पडते. ओएसएफ या संशोधनाचा आराखडा नोंदवायच्या संकेतस्थळावर नोंदवता आलं तर आणखी बरं. तिथे ‘माहिती गोळा झाली आहे, पण विश्लेषण झालेलं नाही’ असं सांगायची सोय आहे. त्या ईमेलात मुलामुलींची सरासरी पाहिल्याचंही एका ओळीत लिहून टाक. आणि पानाच्या तळाशी दोन रिकामे आलेख हाताने काढ: आडव्या अक्षावर मोबाइलचे गुण १० ते ६०, उभ्यावर एकदा पीएसक्यूआय ० ते २१, एकदा पीएसएस ० ते ४०. रेषा दोन्हींत डावीकडून उजवीकडे वर चढायला हवी. काढताना कुठे हात थांबला, तर ते वाक्य परत मला पाठव.